डावीकडून उभे, उजवीकडून आउट

वसई-विरारकडच्या एखाद्या मंडळाच्या अहवालात फोटोखाली ‘डावीकडून’ असं छापलेलं दिसलं की समजावं, कुणाचं तरी नाव राहून गेलंय आणि तो माणूस येत्या रविवारी सेक्रेटरीच्या घरी चहाला येणार आहे. डावीकडून म्हणजे फोटो बघणाऱ्याच्या डावीकडून, हा छपाईतला जुना नियम. पण फोटोत उभ्या असलेल्या माणसाला तो कधी पटत नाही. त्याच्या मते डावी बाजू म्हणजे त्याच्या घड्याळाची बाजू. मग ‘उभे’ आणि ‘बसलेले’ यांची सरमिसळ होते, खजिनदाराच्या नावावर मंडप डेकोरेटरचा चेहरा येतो आणि पुढच्या अंकात चुकीची दुरुस्ती छापून येते. त्या दुरुस्तीतही एक नाव राहतंच.

हे सगळं सांगायचं कारण, आमच्या आळीतल्या जुन्या मित्रांच्या क्रिकेट मॅचचा एक फोटो सध्या ओळीच्या शोधात आहे. म्हणजे होता. आता त्याच्याखाली ओळ आहे, पण तिथवर पोचायला जेवढं भांडण झालं तेवढं मॅचमध्येही झालं नव्हतं.

आधी मंडळी सांगतो. आम्ही सगळे एकेकाळी वसईतल्या एकाच आळीत वाढलो. आता कुणी विरारला बाराव्या मजल्यावर आहे, कुणी नालासोपाऱ्याला, कुणी नायगाव पूर्वेला, जिथे आमच्या लहानपणी मिठागरं होती आणि फक्त बगळे राहायचे. दोघं-तिघं अजून आपल्या वाडीतच आहेत आणि बाकीच्यांच्या पार्किंगच्या गोष्टी ऐकून गालात हसतात. इथे मी कुणाचंही नाव घालणार नाही. एकाचं घातलं तर बाकीचे चिडतील, कुणाचंच नाही घातलं तर सगळे चिडतील. सगळे एकदम चिडलेले परवडतात, ते आपसात बोलून निवळतात.

मॅच जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळची मिस्सा सुटल्यावर. अर्धी टीम मिस्सा सुटल्याशिवाय येत नाही, आणि उरलेली अर्धी मिस्सा सुटेपर्यंत उठत नाही, त्यामुळे वेळ सगळ्यांच्या सोयीची. जागा तीच जुनी, आळीच्या मागचं भाताचं खाचर. कापणी झाली की या खाचरात पिच तयार व्हायचं: मधल्या पट्टीतली धसकटं उपटायची, दोन बादल्या पाणी मारायचं, फळीने ठोकायचं आणि वाळायला सोडायचं. ठोकताना एखादं धसकट राहिलंच तर तो आमचा स्पिन बॉलर. त्याच्यावर पडलेला बॉल कुठे जाईल हे बॉलरलाही ठाऊक नसायचं, पण विकेट मिळाली की तो ‘मुद्दाम टाकला’ असं सांगायचा.

समोरची टीम शेजारच्या बिल्डिंगमधल्या पोरांची, आठवी ते अकरावी. त्यांनी आम्हाला पहिल्या बॉलपासून ‘अंकल’ म्हटलं, आणि तेही आदराने, म्हणजे रागवायचीही सोय नाही. आम्ही हरलो. किती रनांनी, हा तपशील अजून वादात आहे. शेवटी त्यांच्यातल्याच एका पोराने आमचा फोटो काढला. मागे चिंचेचं झाड, पुढे खुर्च्यांचे स्टंप, मध्ये आम्ही.

ग्रुपवर फोटो पडल्यावर पहिल्या तासाभरात ज्या ओळी आल्या त्या पुढीलप्रमाणे: ‘ओल्ड इज गोल्ड’. ‘मैत्रीला वय नसतं’. ‘गेले ते दिवस’. आणि एकाने नुसतेच हात जोडलेले पाठवले, बहुधा दुसऱ्या ग्रुपवर कुणी तरी गेलं असावं. या ओळींत वाईट काही नाही. पण मी एक साधी चाचणी लावतो. फोटोवर हात ठेवायचा आणि नुसती ओळ वाचायची. ती ओळ अर्नाळ्याला सहलीला गेलेल्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या फोटोखाली चालेल का? चालत असेल तर ती आपली नाही. ‘मैत्रीला वय नसतं’ ही ओळ तर लग्नाच्या हॉलपासून गुडघ्याच्या दवाखान्यापर्यंत कुठेही चालते. शिवाय ती खोटी आहे. वय असतं. मिड-ऑनला वाकताना ते ऐकू येतं.

जुन्या दोस्तांच्या फोटोखालची ओळ म्हणजे चिमटा. चिमटा बसायचा तर त्यात एक तरी असा तपशील हवा, ज्याची साक्ष फोटोतले सगळे देतील आणि फोटोबाहेरच्या कुणालाही तो सुचणार नाही. आमच्या फास्ट बॉलरचंच घ्या. त्याच्यासाठी आधी कुणी तरी लिहिलं, ‘आमचा ब्रेट ली’. हे प्रत्येक आळीतल्या प्रत्येक फास्ट बॉलरला म्हणून झालंय, त्यामुळे तो नुसता हसला. मग दुसऱ्याने लिहिलं, ‘रनअप मोठा, बॉल खोटा’. यमक जुळलं, पण यमक जुळलं की लोक यमकाला हसतात, माणसाला नाही. तेव्हा वाडीतल्या मित्राने चिंचेची आठवण काढली. लहानपणी याचा रनअप त्या चिंचेच्या मागून सुरू व्हायचा. तो झाडाआड गेला की बॅट्समनला दिसायचा नाही. बॅट्समन उभा, अंपायर उभा, सगळे चिंचेकडे बघतायत. कधी तो बॉल घेऊन धावत यायचा, कधी चिंचा खिशात भरत बसलेला असायचा. परवा या गृहस्थाने तीन पावलांवरून एक ओव्हर टाकली आणि उरलेली इनिंग त्याच चिंचेखाली बसून काढली. ओळ आपोआप तयार झाली: ‘पूर्वी याचा रनअप चिंचेपासून सुरू व्हायचा. आता चिंचेखाली संपतो.’

हिच्यात त्याचं पोट नाही, टक्कल नाही, गुडघा नाही. पोट आणि टक्कल यांच्यावर लिहिणं म्हणजे सरपटी टाकण्यासारखं आहे, विकेट मिळते पण मान मिळत नाही. पन्नाशीच्या आसपास या दोन्ही गोष्टी सगळ्यांच्याच असतात, त्यामुळे लिहिणाराही त्यात सापडतो. चिंच मात्र फक्त त्याची. आणि ती फोटोत, नेमकी त्याच्या डोक्यामागे उभी आहे.

आमच्यात एक ‘कॉमन’ होता. आजच्या अकादमीतल्या मुलांना हा प्रकार माहीत नसेल म्हणून सांगतो. पोरं विषम संख्येने जमली की टीम सारख्या करण्यासाठी एकाला कॉमन ठेवायचे. तो दोन्हीकडून बॅटिंग करायचा, दोन्हीकडून फिल्डिंग करायचा आणि कुणीही जिंकलं तरी त्याला घेऊन नाचायचं नाही. मान मोठा वाटतो, पण कॉमन म्हणून निवड कुणाची व्हायची हे तुम्हाला ठाऊक आहे. परवाही आम्ही विषम निघालो, आणि कुणी काही न बोलता तोच पुढे आला. एवढ्या वर्षांनी, आता स्वतःचं दुकान, दोन मुलं कॉलेजात, आणि हा निमूटपणे ‘मी कॉमन’ म्हणून उभा. त्याच्या वाट्याची ओळ सगळ्यात छोटी झाली: ‘दोन्ही टीमकडून शून्यावर.’ ती त्याला इतकी आवडली की त्याने ती बायकोला वाचून दाखवली. बायको म्हणाली, घरातही तेच आहे. माझ्याकडून आणि तुमच्या आईकडूनही.

सगळ्यात अवघड ओळ बॅटच्या मालकाची. हा फोटोत बरोबर मध्यभागी आहे, कारण त्याच्या हातात बॅट आहे, आणि ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग हा कायदा जगात कुठेही बदललेला नाही. पूर्वी हा आउट झाला की दोन मिनिटं उन्हाकडे बघायचा, मग ‘आई बोलावतेय’ म्हणून बॅट बगलेत मारून घरी जायचा. मॅच तिथेच संपायची. आईची हाक आमच्यापैकी कुणालाही कधी ऐकू आली नाही. परवा तो आउट झाल्यावरही मैदानात थांबला, चक्क फिल्डिंग केली. म्हणून मी लिहिलं: ‘आई बोलावत नसल्यामुळे शेवटपर्यंत थांबला.’ त्याने ती ओळ कौतुकाने आईला दाखवली. आईने चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाली, ‘मी कधी रे बोलवायचे? मी तर म्हणायचे, अजून थोडं खेळा, घरात कटकट नको.’ म्हणजे पस्तीसेक वर्षांनी थर्ड अंपायरचा निकाल लागला आणि तो आमच्या बाजूने लागला.

याच मालकासाठी एक दुसरीही ओळ होती आणि ती मला अधिक आवडते, कारण तिच्यात आपल्या वाक्याची चाल उपयोगी पडते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे माणसाला शेवटच्या शब्दापर्यंत खूश ठेवता येतं. ‘बॅट मागितली आणि याने लगेच दिली, असं घडल्याचं कुणालाही आठवत नाही.’ हे मोठ्याने वाचा आणि त्याचा चेहरा बघा. ‘लगेच दिली’पर्यंत मान वर, पुढे मान खाली. फोटोखाली लिहिताना म्हणून एक काळजी घ्यायची: वाक्य असं लांबवू नये की फोनच्या पडद्यावर ते अर्ध्यात कापलं जाईल. नाहीतर अर्धी आळी ‘लगेच दिली’वरच थांबते आणि मालकाचं फुकट कौतुक होतं.

मालकाने एक सेल्फीही काढली होती, तिची वेगळीच गंमत झाली. फोनचा पुढचा कॅमेरा आपल्याला आरशासारखं दाखवतो, आणि काही फोन फोटोही तसाच उलटा साठवतात. त्या सेल्फीत सगळे जागचे हललेले. चिंच उजवीकडून डावीकडे गेली, टी-शर्टवरची अक्षरं उलटी झाली, आणि उजव्या हाताने खेळणारा आमचा मालक डावरा दिसू लागला. आता ‘डावीकडून’ लिहायचं कुणाच्या डावीकडून? छापील नियम लावला तर कॉमनचं नाव फास्ट बॉलरला जातं. एकाने उपाय सुचवला की फोटो फिरवून घ्यावा, तसं करता येतं. पण मालकानेच नकार दिला. म्हणाला, राहू दे, डावरा असतो तर विनोद कांबळीसारखा खेळलो असतो.

कांबळीचं नाव निघालं आणि मग तो प्रसिद्ध फोटो निघाला. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रमची दोन पोरं स्कोअरबोर्डसमोर उभी आहेत. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. त्या फोटोला ओळ लागत नाही. मागच्या फळ्यावरचे आकडे बोलतात आणि पोरं नुसती उभी राहतात. आमच्या फोटोमागे फळा नव्हता. स्कोअर विटेच्या तुकड्याने कंपाउंडच्या भिंतीवर लिहिला होता, तो फोटोत आला नाही, आणि नंतर बघायला गेलो तर मधल्या तीन रेघा कुणी तरी पुसलेल्या. ज्यांच्या मागे आकडे असतात त्यांनी गप्प उभं राहावं. आमच्यासारख्यांनी लिहावं.

आणि क्रिकेट म्हटलं की विरारवाल्यांच्या तोंडी पृथ्वी शॉ येणारच. विरारचा हा पोरगा लोकलने मुंबईला सरावाला जायचा आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये याच हॅरिस शील्डमध्ये, याच आझाद मैदानावर, त्याने ३३० चेंडूंत ५४६ रन केले. आमच्या बाराव्या मजल्यावरच्या मित्राचा दावा असा की हा पोरगा रोज त्याच्याच डब्यात असायचा. विरार फास्टच्या एका डब्यात सकाळी किती माणसं असतात हे ज्याला ठाऊक आहे तो हा दावा फेटाळू शकत नाही, सगळं विरार एकाच डब्यात असतं. पण असा दावा करणाऱ्या माणसाने परवा पहिल्याच बॉलवर बोल्ड होऊ नये. त्याची ओळ: ‘पृथ्वी शॉच्या डब्यातला. चौथ्या सीटवर होता, बॅट फिरवायला जागा मिळाली नाही.’ तिघांच्या बाकावर चौथा कसा अर्धा बसतो हे पश्चिम रेल्वेवर समजावून सांगावं लागत नाही.

चिमटा कुठे काढू नये, तेही याच फोटोने शिकवलं. आमच्यातला एकजण परवा सारखा क्रीज सोडून पुढे येत होता आणि शेवटी स्टंपिंग झाला. एकाने झटकन लिहिलं, ‘घर सोडून बाहेर पडला आणि गेला.’ क्रिकेटच्या हिशेबाने ओळ चोख आहे. पण ज्याच्यासाठी लिहिली त्याचा फ्लॅट ज्या इमारतीत आहे, तिच्या परवानग्यांचा घोळ कोर्टात चालू आहे, आणि तो रोज नोटिशीच्या धाकात झोपतो. ग्रुपवर दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग लिहिणाऱ्याने ओळ काढून टाकली, आणि ‘हा संदेश काढून टाकला आहे’ एवढीच रेघ उरली, जी मूळ ओळीपेक्षाही ठळक दिसते. चिडवायचं ते माणसाच्या दहाव्या-बाराव्या वर्षाला. तिथे त्याने काय केलं हे त्यालाही आता गंमतच वाटते. आजचं घर, नोकरी, पोरांचे मार्क, बायकोशी असलेलं नसलेलं, हे बाँड्रीबाहेर. त्याला मग दुसरी ओळ दिली, टँकरची. तिने वातावरण सुधारलं.

टँकरची गोष्ट अशी. त्या काळी आमच्याकडे पाण्याची जी बोंब असायची ती ज्याने भोगली त्यालाच कळेल. मॅच रंगात आली आणि लांबून टँकरचा हॉर्न ऐकू आला की बॅट जागच्या जागी टाकून सगळे हंडे-कळश्या आणायला धावायचे. शारजात १९९८ साली वाळूचं वादळ आलं आणि सामना थांबला, तर सगळं जग अजून त्याबद्दल बोलतं. आमच्या मॅच आठवड्यातून दोनदा टँकरमुळे थांबायच्या. तर हा गडी एकदा नव्वदीत होता, निदान तो तसं सांगतो, आणि टँकर आला. तो क्रीज सोडून धावला, कारण न धावता परत गेला असता तर आईने जे केलं असतं त्यापुढे स्टंपिंग बरी. परत आला तोवर विकेटकीपरने स्टंप उडवून अपील करून ठेवलं होतं. ओळ झाली: ‘क्रीज सोडायची सवय टँकरपासूनची.’ तोच प्रसंग, तीच क्रीज, फक्त वय बदललं. यावर तोच सगळ्यात जास्त हसला आणि त्याने स्वतःहून भर घातली की परवाही त्याला लांबून हॉर्न ऐकू आल्यासारखा वाटला होता.

फोटोत दोघे नाहीत. एक कॅनडात आहे. त्याच्या रात्री आपली सकाळ, त्यामुळे तो मॅचभर ‘स्कोअर सांगा रे’ म्हणून जागा होता आणि कुणीही सांगितला नाही. त्याची नोंद अशी झाली: ‘परदेशी असल्याने अनुपस्थित. एका बॉलचे पैसे बाकी.’ त्याने लगेच विचारलं, व्याजासकट किती? दुसरा गेला त्याला काही वर्षं झाली. त्याच्याबद्दल काय लिहायचं यावर बराच वेळ कुणी हात घातला नाही. एकाने ‘तुझी उणीव भासते’ लिहून पाहिलं, पण ते वर्तमानपत्रातल्या चौकटीसारखं वाटलं, आणि तो असता तर त्यानेच त्याची टर उडवली असती. तो कॅच सोडण्यात नामांकित होता. इतका, की बॉल हवेत असतानाच आम्ही दुसऱ्या रनसाठी धावायचो. परवा स्लिपमध्ये एक सोपा कॅच सुटला. कॉमनने लिहिलं, ‘तू असतास तरी हा कॅच सुटलाच असता.’ ती ओळ राहिली.

आता मुख्य ओळ, सगळ्या फोटोची मिळून. त्यासाठी बावखल सांगायला हवं. वसईच्या बाहेरच्या वाचकासाठी: बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं लहान तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं, आसपासच्या विहिरींना धार राहायची आणि खारं पाणी लांब राहायचं. पूर्वी त्यातून रहाटाने पाणी काढून केळी, पानवेली, फुलझाडं जगवायचे. आमच्या खाचराच्या पश्चिमेला असंच एक होतं. आमच्यासाठी ती लाँग-ऑफची बाँड्री. नियम पक्का: बॉल थेट बावखलात पडला की आउट, आणि काढायचाही त्यानेच. काढण्याची पद्धत होती. बॉलच्या पलीकडे दगड मारायचे, म्हणजे लाटेबरोबर तो काठाकडे सरकतो. दगड अलीकडे पडला की बॉल आणखी आत. आमचा विकेटकीपर हमखास अलीकडे मारायचा. त्याच्या दगडांनी कितीतरी बॉल मध्यावर गेले, फुगले, जड झाले आणि तिथेच बुडाले. आज हा पंपाच्या दुकानात काम करतो आणि परवाही त्याचे सगळे थ्रो टप्प्यात पडले.

बावखल पुढे भरावाने बुजलं. त्यावर बिल्डिंग उभी राहिली. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार दिवसेंदिवस पाण्याखाली होतं तेव्हा त्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जे पाणी शिरलं ते बघून वाडीतल्या म्हाताऱ्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. पाण्याला पत्ता माहीत होता.

आणि परवाची समोरची टीम? त्याच बिल्डिंगमधली. हे आमच्या लक्षात मॅच संपून, फोटो काढून, घरी गेल्यावर आलं, आणि आणलं ते विकेटकीपरनेच. रात्री उशिरा त्याने एक ओळ टाकली आणि बाकी सगळ्या ओळी गपगार झाल्या: ‘ज्या बावखलात आमचे बॉल बुडाले, त्याच्यावर राहणाऱ्या पोरांनी आम्हाला बुडवलं.’

हीच फोटोखाली लागली. हिच्यात कुणाचंच नाव नाही, पण सगळे आहेत. हरल्याची कबुली आहे, पण रनांचा आकडा नाही, म्हणजे वाद जिवंत राहतो. बाहेरच्याला निम्मी कळते, आळीतल्याला पूर्ण. वाडीतल्या मित्राने ती वाचून फक्त एवढंच लिहिलं, ‘आणि दगड अलीकडे मारले.’ खाली बाकीच्या ओळी डावीकडून क्रमाने लावल्या, बघणाऱ्याच्या डावीकडून, छापील नियमाप्रमाणे. एक नाव राहिलं. माझं. फोटोत मी चिंचेच्या सावलीत एका कडेला उभा आहे आणि सगळ्यांना ओळी वाटत बसलो, तर माझ्या वाट्याला कुणी काही लिहिलंच नाही. मी तक्रार केली तेव्हा मालकाने उत्तर दिलं: ‘स्कोअरर. रेघा यानेच पुसल्या.’

सोमवारी सकाळी नायगाववाल्याच्या मुलाने वडिलांना फोन आणून दाखवला. ज्या पोराने फोटो काढला होता त्याने तो स्वतःच्या स्टेटसवर लावला होता. त्याच्याकडे मूळ प्रत होती, रंग चांगले, चिंच स्पष्ट. खाली त्याची स्वतःची ओळ: ‘संडे प्रॅक्टिस. समोर अंकल लोक होते, सोपी होती.’

ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग फास्ट बॉलरने विचारलं, येत्या रविवारी मिस्सा किती वाजता सुटते?